शांत राहण्याचं काम

आर्ली हॉकशिल्ड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी डेल्टा एअरलाइन्सच्या अटलांटा इथल्या प्रशिक्षण केंद्रात बसून हवाईसुंदऱ्यांचे वर्ग पाहिले. आणीबाणीत दार कसं उघडायचं, ऑक्सिजनचा मुखवटा कसा लावायचा हे तिथे शिकवलं जाई. पण आणखी एका गोष्टीवरही भर दिला जाई, ती म्हणजे चेहरा आणि त्यामागचं मन. विमान म्हणजे आपली बैठकीची खोली आणि प्रवासी म्हणजे घरी आलेले पाहुणे, असं समजा, असं प्रशिक्षणार्थींना सांगितलं जाई. एखादा प्रवासी अंगावर ओरडला, तर त्याला विमानाची भीती वाटत असेल, घाबरलेलं मूल चिडतं तसा तो चिडला असेल, असं मनात आणा. म्हणजे राग गिळावा लागणार नाही, तो येणारच नाही. हॉकशिल्ड यांचं ‘द मॅनेज्ड हार्ट’ हे पुस्तक १९८३ साली आलं आणि या प्रकाराला त्यांनी दिलेलं ‘भावनिक श्रम’ हे नाव जगभरच्या व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात रुजलं.

त्याच पुस्तकात दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत. थकबाकी वसूल करणाऱ्या कर्मचाऱ्यांचं काम नेमकं उलटं. ग्राहकाची दया आली तरी आवाज कडक ठेवायचा आणि त्याच्या मनात थोडी धास्ती निर्माण करायची. म्हणजे भावनिक श्रम म्हणजे गोड बोलणं नव्हे. मालकाला ग्राहकाच्या मनात जी भावना हवी आहे, ती निर्माण करण्यासाठी स्वतःची भावना हवी तशी वळवणं, हे ते काम. अमेरिकेतल्या साधारण एक तृतीयांश नोकऱ्यांमध्ये असं काम बऱ्याच प्रमाणात करावं लागतं आणि नोकरी करणाऱ्या बायकांमध्ये हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे, असा हॉकशिल्ड यांचा अंदाज होता.

संघटनात्मक वर्तन शिकणाऱ्या विद्यार्थ्याला व्यक्तिमत्त्वाचे गुणधर्म, भावनिक बुद्धिमत्ता आणि भावनिक श्रम हे तीन विषय सहसा तीन वेगळ्या प्रकरणांत भेटतात. परीक्षेपुरतं तसं चालतं. कामाच्या जागी मात्र ते एकमेकांत इतके गुंतलेले असतात, की एकाला सोडून दुसऱ्याबद्दल बोललं तर चुकीचाच निष्कर्ष निघतो. ‘भावनिक बुद्धिमत्ता असलेला माणूस चांगलं काम करतो’ हे वाक्य असंच अर्धवट आहे. कोणतं काम, हे कळल्याशिवाय ते खरं की खोटं ते सांगता येत नाही.

सुरुवात गुणधर्मांपासून करावी लागते, कारण ते जुने आणि जास्त पक्के आहेत. १९३६ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाच्या स्वभावाचं वर्णन करणारे जवळजवळ अठरा हजार शब्द वेचून काढले. माणसं एकमेकांबद्दल बोलताना जे शब्द वापरतात त्यांतच स्वभावाचा नकाशा दडलेला असणार, हा त्यामागचा विचार. पुढच्या काही दशकांत ही यादी आटवत आटवत संशोधक पाच मोठ्या गटांपर्यंत आले: कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, मिळतंजुळतं घेण्याची वृत्ती, भावनिक स्थैर्य आणि नव्याची ओढ. हे पाच कप्पे नव्हेत, पाच पट्ट्या आहेत. प्रत्येक माणूस प्रत्येक पट्टीवर कुठे तरी असतो आणि बहुतेक जण मधल्या भागातच असतात.

१९९१ मध्ये मरे बॅरिक आणि मायकेल माउंट यांनी तोवर झालेल्या ११७ अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले. व्यावसायिक, पोलीस, व्यवस्थापक, विक्रेते आणि कारागीर अशा पाचही गटांत कामाशी नातं सांगणारा गुणधर्म एकच निघाला, तो म्हणजे कर्तव्यदक्षता. बहिर्मुखतेचा उपयोग व्यवस्थापक आणि विक्रेते यांच्यापुरता दिसला. कर्तव्यदक्षता आणि काम यांचा सहसंबंध ०.२२ च्या आसपास होता. हा आकडा काय सांगतो ते नीट पाहायला हवं. समजा, एका कंपनीतल्या माणसांचे कर्तव्यदक्षतेवरून दोन सारखे गट केले, वरचा आणि खालचा. कामाच्या बाबतीत वरच्या अर्ध्या भागात येणारे लोक पहिल्या गटात शंभरातले सुमारे ५७ असतील आणि दुसऱ्या गटात सुमारे ४३. हजारो माणसं भरती करणाऱ्या संस्थेसाठी हा फरक मोलाचा आहे. पण समोर बसलेल्या एका उमेदवाराबद्दल भाकीत करायला तो फारच अपुरा आहे. स्वभावचाचणीच्या एका निकालावर कुणाची नोकरी ठरवणं म्हणूनच अन्यायाचं आहे.

विक्रीच्या कामाला बोलका, माणसांत रमणारा माणूसच लागतो, ही समजूत तर मुलाखतींमध्ये इतकी मुरलेली आहे, की ती कुणी तपासूनही पाहत नाही. अ‍ॅडम ग्रँट यांनी २०१३ साली ती तपासली. फोनवरून विक्री करणाऱ्या ३४० कर्मचाऱ्यांची बहिर्मुखता मोजून त्यांनी पुढच्या तीन महिन्यांचा धंदा पाहिला. सर्वात जास्त विक्री पट्टीच्या मधल्या भागातल्या लोकांची होती. अगदी अबोल माणसं मागे पडली आणि अगदी बोलकीही. अति बोलका विक्रेता गिऱ्हाइकाचं ऐकून घेत नाही आणि त्याचा उत्साह पाहून गिऱ्हाईक सावध होतं, असं ग्रँट यांनी त्याचं स्पष्टीकरण दिलं.

गुणधर्म सगळीकडे सारखे दिसत नाहीत, याचं आणखी एक कारण परिस्थितीत असतं. जिथे नियम काटेकोर आहेत, पुढचं पाऊल कोणतं हे ठरलेलं आहे, तिथे सगळे जवळपास सारखेच वागतात. जिथे काय करायचं हे माणसावर सोडलेलं असतं, तिथे स्वभाव बाहेर येतो. बँकेच्या तिजोरीची दुसरी किल्ली दुसऱ्या अधिकाऱ्याकडेच ठेवायची असते, मग तो भित्रा असो की धीट. पण काउंटरवर येऊन माणूस ओरडू लागला तर काय करायचं, हे कोणत्याही परिपत्रकात शब्दाशब्दाने लिहिलेलं नसतं.

आता भावनिक बुद्धिमत्ता. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर यांनी १९९० मध्ये ही कल्पना शास्त्रीय रूपात मांडली. भावना ओळखणं, समजणं, हाताळणं ही एक प्रकारची क्षमता आहे आणि गणितासारखीच ती कुणाकडे कमी, कुणाकडे जास्त असते, असं त्यांचं म्हणणं होतं. १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांचं पुस्तक आलं आणि कल्पना घरोघरी पोचली. गोलमन यांनी लिहिलं होतं, की आयुष्यातल्या यशात बुद्ध्यंकाचा वाटा फार तर वीस टक्के असतो. वाचकांनी आणि प्रशिक्षण देणाऱ्यांनी उरलेले ऐंशी टक्के भावनिक बुद्धिमत्तेच्या खात्यावर टाकले. त्या ऐंशी टक्क्यांत नशीब आहे, घरची परिस्थिती आहे, शिक्षण आहे, ओळखीपाळखी आहेत आणि मोजमापातल्या चुकाही आहेत. हा हिशेब आजही कार्यशाळांच्या पडद्यावर झळकतो आणि तो चुकीचा आहे.

मोजायचं कसं, हा पुढचा घोळ. एक पद्धत म्हणजे माणसालाच विचारायचं: तुम्हाला दुसऱ्याच्या भावना चटकन कळतात का? तुम्ही ताणाखाली शांत राहता का? दुसरी पद्धत परीक्षेसारखी. चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवून त्यांतली भावना ओळखायला सांगायची, एखादा प्रसंग देऊन त्यात कोणतं वागणं परिणामकारक ठरेल ते विचारायचं. मेयर, सॅलोव्हे आणि डेव्हिड कारुसो यांची अशी १४१ प्रश्नांची चाचणी प्रसिद्ध आहे. तिच्यातही अडचण आहेच. गणिताचं उत्तर बरोबर की चूक हे निर्विवाद ठरतं, पण इथे ‘बरोबर’ उत्तर बहुसंख्य लोकांच्या किंवा तज्ज्ञांच्या कौलावरून ठरवावं लागतं. तरी माणूस स्वतःबद्दल काय म्हणतो यापेक्षा तो काय करून दाखवतो, हे तिथे मोजलं जातं.

दोन्ही पद्धतींचे गुण एकमेकांशी फारसे जुळत नाहीत, हे कंपन्यांना सहसा सांगितलं जात नाही. गंमत पुढेच आहे. स्वतःच भरायच्या प्रश्नावलीचे गुण कामाशी चांगले जुळतात, परीक्षेच्या गुणांपेक्षाही जास्त. असं का व्हावं? डॅना जोसेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये याचा छडा लावला. त्या प्रश्नावलीत कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, भावनिक स्थैर्य, आत्मविश्वास, बुद्धी असं सगळंच थोडं थोडं मिसळलेलं असतं. हे घटक हिशेबातून वजा केले, की प्रश्नावलीचं कामाशी असलेलं नातं जवळजवळ शून्यावर येतं. म्हणजे जुनाच माल नव्या नावाने मोजला जात होता.

याच जोसेफ यांनी डॅनियल न्यूमन यांच्याबरोबर २०१० मध्ये केलेलं काम मात्र गुणधर्म आणि भावनिक बुद्धिमत्ता यांची गाठ नेमकी कुठे बसते ते दाखवतं. त्यांनी अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून तीन पायऱ्या मांडल्या. आधी समोरच्याची आणि स्वतःची भावना टिपायची. मग ती कशातून आली आणि पुढे कुठे जाईल हे समजून घ्यायचं. आणि शेवटी स्वतःची भावना आवरायची किंवा वळवायची. कामावर परिणाम होतो तो या तिसऱ्या पायरीतून, पण तिच्यापर्यंत पहिल्या दोन पायऱ्या चढूनच जावं लागतं. प्रत्येक पायरीला एकेक आधार आहे. पहिलीला कर्तव्यदक्षतेचा, दुसरीला सर्वसाधारण बुद्धीचा, तिसरीला भावनिक स्थैर्याचा.

हे कोरडं वाटेल, म्हणून एक प्रसंग घेऊ. तो कल्पनेतला आहे, पण पेन्शनरांची खाती असलेल्या बँकेच्या कोणत्याही शाखेत घडू शकेल असा.

जानेवारीचा पहिला आठवडा. तालुक्याच्या गावची शाखा, सकाळचे अकरा. टपाल खात्यातून निवृत्त झालेले सत्तरीचे एक गृहस्थ पासबुक घेऊन काउंटरवर येतात. डिसेंबरचं पेन्शन जमा झालेलं नाही. काउंटरवरच्या मॅडम संगणकात पाहतात, हयातीचा दाखला नोंदलेला नाही. नियम साधा आहे. दाखला नोव्हेंबरात द्यायचा, नाही दिला तर पुढचं पेन्शन थांबतं. पण गृहस्थ म्हणतात, “मी नोव्हेंबरातच सेवा केंद्रात जाऊन अंगठा दिलाय.” आवाज चढत जातो. “तुम्ही लोकांनी मला मेलेला धरलंत का?” रांगेतले दहाबारा जण वळून पाहू लागतात.

मॅडम म्हणू शकतात, “काका, सिस्टिममध्ये दिसत नाही. नवा दाखला घेऊन या.” हे वाक्य खोटं नाही आणि नियमाला धरूनही आहे. त्यानंतर काय होईल हेही सगळ्यांना ठाऊक आहे. काका शाखाधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये जातील, तिथे आणखी आवाज वाढेल, साहेब मॅडमना आत बोलावतील आणि बाहेरची रांग पंधरा मिनिटं थांबून राहील.

त्याऐवजी पायऱ्या एकेक करून पाहू. पहिली पायरी टिपण्याची. आवाज चढलेला आहे हे कुणालाही ऐकू येतं. पण पासबुक धरलेला हात थरथरतोय, बोलता बोलता काका दोनदा रांगेकडे पाहतात आणि त्यांच्या पिशवीतून औषधाच्या दुकानाची चिठ्ठी डोकावतेय, हे लक्ष देणाऱ्यालाच दिसतं. कर्तव्यदक्षतेचा संबंध इथे येतो. नजर टिकवून समोरच्याकडे पाहणं हे कष्टाचं काम आहे आणि बारीकसारीक गोष्टी नीट करायची सवय असलेला माणूस तेही नीट करतो. मान खाली घालून की-बोर्डवर बोटं चालवत ऐकणाऱ्याला फक्त आरडाओरडा ऐकू येईल. पुढे तो कितीही शहाणा असला तरी चुकीच्या भावनेला उत्तर देत बसेल.

दुसरी पायरी समजण्याची. हा राग वरवरचा आहे. खाली अपमान आहे: आयुष्यभर दुसऱ्यांची टपालं वेळेवर पोचवणाऱ्या माणसाला त्याचाच कागद पोचला नाही असं चारचौघांत ऐकावं लागतंय. त्याखाली औषधांच्या खर्चाची काळजी आहे. अपमान झालेल्या माणसाला नियम ऐकवला, की त्याला ‘चूक तुमचीच’ असं ऐकू येतं आणि राग वाढतो. त्याचं म्हणणं आधी मान्य केलं, तर तो ऐकण्याच्या स्थितीत येतो. भावनांची ही कार्यकारणसाखळी डोक्यात मांडता येणं हे विचारशक्तीचं काम आहे, म्हणून इथे बुद्धीचा आधार लागतो. काळजी खूप असलेला पण ही साखळी न कळलेला कर्मचारी “शांत व्हा, शांत व्हा” म्हणत राहतो आणि समोरचा आणखी भडकतो.

तिसरी पायरी सर्वात कठीण. दाखल्यावरून वाद घालणारे हे सकाळपासूनचे चौथे गृहस्थ आहेत. ‘मेलेला धरलंत’ हे वाक्य मॅडमच्या वर्मी लागलंय, कारण दाखला नाकारला तो त्यांनी नव्हे. छाती धडधडतेय. या क्षणी स्वतःला सावरायला लागणारा वेळ दोन-तीन श्वासांचा आहे. ज्याचं भावनिक स्थैर्य चांगलं आहे त्याची धडधड मुळात कमी होते आणि लवकर उतरते, म्हणून आवरायला थोडंच उरतं. ज्याचं कमी आहे त्याला सगळं दिसतं, सगळं समजतं, पण तोंडून तेच वाक्य निघतं जे निघायला नको होतं. असे लोक घरी गेल्यावर रात्री त्याच प्रसंगावर तळमळतात. त्यांना भावना कळत नाहीत असं म्हणणं चूक आहे. त्यांची अडचण शेवटच्या पायरीवर आहे.

मॅडम म्हणतात, “काका, इकडे बाजूला खुर्चीवर बसा. तुम्ही नोव्हेंबरात अंगठा दिलाय ना, म्हणजे तुमच्याकडून राहिलेलं नाही. कुठे अडलंय ते बघू. त्या वेळचा मेसेज आहे का मोबाइलवर?” मेसेज सापडतो. त्यातल्या प्रमाण-आयडीवरून दाखला उघडून पाहिल्यावर कळतं, की सेवा केंद्रातल्या मुलाने पेन्शनच्या पीपीओ क्रमांकात एक आकडा चुकीचा घातला होता. दाखला तयार झाला, पण बँकेकडे येऊन तो नाकारला गेला आणि हे काकांना कुणी सांगितलं नाही. नवा दाखला तिथेच घेतला जातो. झिजलेल्या बोटांचा ठसा दोनदा उमटत नाही, तिसऱ्यांदा उमटतो. थांबलेलं पेन्शन थकबाकीसकट जमा होईल, हे मॅडम कागदावर लिहून देतात.

चूक सापडली ती नियम ठाऊक होता म्हणून, हे विसरता कामा नये. भावनिक कौशल्याने मॅडमना तपासणी करायला शांतपणे दहा मिनिटं मिळवून दिली. पीपीओ क्रमांक पाहायचा असतो हे माहीत नसतं, तर गोड बोलून काकांची बोळवण तेवढी झाली असती.

आता त्याच मॅडमची बदली मागच्या खोलीत होते. समोर ग्राहक नाही, फक्त दिवसअखेरचे व्यवहार जुळवायचे, फरक निघाला तर शोधायचा. जोसेफ आणि न्यूमन यांच्या अभ्यासातला सर्वात महत्त्वाचा निष्कर्ष इथे लागू पडतो. ज्या कामांत भावनिक श्रम जास्त आहेत, तिथे भावनिक बुद्धिमत्ता आणि काम यांचं नातं स्पष्ट आणि अनुकूल दिसलं. ज्या कामांत ते कमी आहेत, तिथे ते नाहीसं झालं, काही मोजमापांत तर उलटं निघालं. कारण काय असावं याबद्दल एक तर्क असा, की भावनांकडे लक्ष देणं फुकट होत नाही. शेजारच्या टेबलावर कोण नाराज आहे हे सतत जाणवणाऱ्या माणसाचं लक्ष तेवढं आकड्यांवरून हटतं. तर्क सोडून दिला तरी आकड्यांचा अर्थ सरळ आहे. लेखापाल, प्रयोगशाळा तंत्रज्ञ किंवा यंत्रदुरुस्ती करणारा कारागीर निवडताना भावनिक बुद्धिमत्तेची चाचणी लावणं म्हणजे त्या कामाशी संबंध नसलेल्या गोष्टीवर माणसं गाळणं. ‘सर्व पदांसाठी भावनिक बुद्धिमत्ता आवश्यक’ असं जाहिरातीत लिहिणाऱ्या संस्था नेमकं हेच करतात.

काउंटरवरच्या यशाची किंमतही मोजायला हवी. ग्राहकासमोर हवी ती भावना दाखवण्याचे दोन मार्ग हॉकशिल्ड यांनी सांगितले. एकात फक्त चेहरा बदलतो, आतला राग तसाच राहतो. दुसऱ्यात माणूस प्रसंगाकडे पाहण्याची दृष्टीच बदलतो, म्हणजे चेहरा आपोआप बदलतो. अटलांटाच्या वर्गात शिकवत होते ते दुसरं. उटे हुल्शेगर आणि अ‍ॅना शेवे यांनी २०११ मध्ये या विषयावरच्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं, त्यात नुसता चेहरा बदलण्याचा संबंध थकवा आणि ताण यांच्याशी ठळकपणे दिसला. दृष्टी बदलण्याचा तसा संबंध दिसला नाही, उलट ग्राहकाचं समाधान आणि काम या दोन्हींशी तो चांगला जुळला. खोटं हसू ग्राहकाला ओळखू येतं आणि हसणाऱ्याला पोखरतं.

यातून कुणी असं काढेल, की सगळ्यांना दृष्टी बदलायला शिकवलं की झालं. तसं नाही. काका अपमानित झाले होते, म्हणून त्यांच्या जागी स्वतःला ठेवणं योग्य होतं. पण जो माणूस रोज येऊन मुद्दाम घाणेरडं बोलतो, त्याच्याकडेही ‘बिचारा दुखावलेला असेल’ या नजरेने पाहायला सांगणं म्हणजे कर्मचाऱ्याकडून त्याचा स्वाभिमान मागणं. तिथे उपाय वरिष्ठांनी मध्ये पडण्याचा आहे.

दुसरा धोका क्षमतेच्याच पोटात आहे. भावना हाताळण्याचं ज्ञान माणसाला चांगलं करत नाही, फक्त समर्थ करतं. टोरांटो विद्यापीठातले स्टेफान कोते आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये हे पाहिलं. ज्यांचा मुळातच दुसऱ्यांचा वापर करून घेण्याकडे कल होता, त्यांच्यापैकी हे ज्ञान जास्त असलेल्यांनी सहकाऱ्यांना अपमानित करणं, त्यांची फजिती करणं असे प्रकार जास्त केल्याचं आढळलं. ज्यांच्या स्वतःविषयीच्या कल्पनेत नैतिकतेला मोठं स्थान होतं, त्यांच्यात तेच ज्ञान सहकार्य वाढवणारं ठरलं. कुणाच्या कोणत्या शब्दाने जखम होईल हे ज्याला अचूक कळतं, त्याच्यासोबत काम करणाऱ्यांनाच त्याच्या स्वभावाबद्दल विचारावं लागतं. चाचणीचे गुण ते सांगत नाहीत.

मग भरती करणाऱ्याने करायचं काय? आधी पदाचं काम कागदावर उतरवायचं: दिवसातून किती जणांशी समोरासमोर बोलावं लागतं, त्यातले किती चिडलेले असतात, कोणती भावना दाखवणं अपेक्षित आहे, किती गोष्टी कर्मचाऱ्याच्या निर्णयावर सोडलेल्या आहेत. उत्तर ‘फार थोडं’ असं आलं तर भावनिक बुद्धिमत्तेचा विषय तिथेच थांबवावा, कर्तव्यदक्षता आणि कामाचं ज्ञान पाहावं. उत्तर ‘बरंच’ असं आलं तर “तुम्ही ताण कसा हाताळता?” हा प्रश्न टाळावा, कारण त्याचं पाठ केलेलं उत्तर सगळ्यांकडे असतं. त्याऐवजी पेन्शनवाल्या काकांसारखा एकच प्रसंग सर्व उमेदवारांसमोर ठेवावा आणि उत्तरात तीन गोष्टी शोधाव्यात. उमेदवाराने कोणत्या खुणा टिपल्या? त्या भावनेचं कारण काय सांगितलं? पहिलं वाक्य कोणतं बोलला? कुणी पहिल्या दोन गोष्टी उत्तम सांगतो आणि तिसरीला अडखळतो. त्याला नाकारण्याचं कारण नाही, त्याला सरावाची गरज आहे.

प्रशिक्षणाचा उपयोग होतो का, याचं उत्तर ‘बऱ्यापैकी होतो’ असं आहे. व्हिक्टोरिया मॅटिंग्ली आणि कर्ट क्रेगर यांनी २०१९ मध्ये एकत्र केलेल्या अभ्यासांत प्रशिक्षणानंतर गुण मध्यम प्रमाणात वाढलेले दिसले. एका दुपारचं व्याख्यान आणि शेवटी टाळ्या, याला मात्र प्रशिक्षण म्हणता येत नाही. प्रसंग करून पाहणं, त्यावर कुणी तरी नेमकं काय चुकलं ते सांगणं आणि काही दिवसांनी पुन्हा करून पाहणं, याला पर्याय नाही.

आणि कामाच्या मूल्यमापनात हे श्रम नोंदले गेले पाहिजेत. बहुतेक कार्यालयांत एक माणूस असा असतो, बऱ्याचदा बाई, जिच्याकडे प्रत्येक चिडलेला ग्राहक वळवला जातो, कारण ‘त्यांना जमतं’. वर्षअखेरच्या अहवालात तिच्या नावापुढे तपासलेल्या व्हाउचरांची संख्या इतरांपेक्षा कमी दिसते. ज्या दहा मिनिटांत तिने काकांना खुर्चीवर बसवलं, पीपीओ क्रमांकातली चूक शोधली आणि केबिनमधला तमाशा टाळला, त्यांच्यासाठी त्या फॉर्ममध्ये रकाना नसतो. एखाद्या शाखाधिकाऱ्याला तो रकाना वाढवायला परवानगी लागत असेल, पण दोन अवघड ग्राहकांच्या मध्ये तिला पाच मिनिटं काउंटरवरून उठू देणं आणि पुढचा वाद दुसऱ्या टेबलाकडे वळवणं, हे तो आजपासून करू शकतो.